महिनाअखेरची ड्यू डेट: EDATE कुठे घसरतं आणि EOMONTH कुठे लावायचं

दर महिन्याच्या बिलाची ड्यू डेट महिनाअखेरीलाच पडली पाहिजे, एवढीच मागणी असते. तरी मार्चच्या शीटमध्ये २८ तारीख दिसते, कुठे एखादा फेब्रुवारीच गायब असतो, आणि पार्टी फोन करून विचारते की अहो ३१ ला भरायचं ठरलेलं ना, मग २८ लाच लेट फी कशी काय लावली. बहुतेक वेळा फॉर्म्युला मोडलेला नसतोच, चुकीच्या जागी लावलेला असतो.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा आपण ऑफिसांना झेरॉक्स मशीन भाड्याने देतो. मशीन बसवलं ती सुरुवात तारीख, दर महिन्याला भाड्याचं बिल, पैसे महिनाअखेरपर्यंत. चार पार्ट्या आहेत:

- पहिली पार्टी: ३१ जानेवारी २०२६
- दुसरी पार्टी: ३० एप्रिल २०२६
- तिसरी पार्टी: १५ जानेवारी २०२६
- चौथी पार्टी: २८ फेब्रुवारी २०२६

या तारखा मुद्दाम अशा घेतल्यात, का ते पुढे कळेल. सगळे फॉर्म्युले एक्सेलमधले आहेत, गूगल शीट्सला पण तेच चालतात, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

## टप्पा १: फॉर्म्युल्याच्या आधी नियम ठरवा

"दर महिन्याला" असं ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असतं पण त्याचे दोन वेगळे अर्थ निघतात, आणि शीट बनवणारा माणूस बऱ्याचदा हे न विचारताच बसतो.

पहिला अर्थ, मशीन कुठल्याही तारखेला बसवलेलं असो, ड्यू डेट त्या त्या महिन्याचा शेवटचा दिवस. दुसरा अर्थ, ज्या तारखेला बसवलं तीच तारीख दर महिन्याला, म्हणजे १५ ला बसवलं तर दर १५ ला. पहिल्याला `EOMONTH` लागतं, दुसऱ्याला `EDATE`. हे दोन एकाला पर्याय म्हणून दुसरं असे नाहीत, नियमच वेगळे आहेत.

गोची होते ती ज्यांची सुरुवातच महिनाअखेरीला आहे त्यांच्यात. दुसरी पार्टी बघा, ३० एप्रिल. ही "दर ३० तारीख" म्हणायची की "दर महिनाअखेर" म्हणायची? एक्सेलला हे कळणं शक्य नाही, कारण सेलमध्ये फक्त तारीख आहे, तुमच्या मनात काय होतं ते नाही. म्हणून पार्टीला किंवा शेठना एकदा विचारून घ्या आणि नियम शीटमध्ये वेगळ्या कॉलममध्ये लिहा. मी तिथे महिनाअखेरवाल्यांना `EOM` आणि त्याच तारखेवाल्यांना `SAME` असं लिहितो, तुम्ही काहीही लिहा पण सगळीकडे एकच लिहा.

चेक: प्रत्येक पार्टीपुढे नियम लिहिलाय का? एकही सेल रिकामा असेल तर पुढे जाऊ नका, कारण रिकाम्या सेलला फॉर्म्युला गुपचूप "त्याच तारखेवाला" समजणार आहे.

## टप्पा २: तारीख खरंच तारीख आहे का ते बघा

हा टप्पा सगळे सोडतात आणि नंतरची निम्मी डोकेदुखी इथूनच येते.

एक्सेल तारीख आकडा म्हणून ठेवतं. ३१ जानेवारी २०२६ म्हणजे त्याच्यासाठी 46053, बाकी आपल्याला जे दिसतं ते फक्त फॉरमॅट. आता कॉम्प्युटरचं रिजन सेटिंग अमेरिकेचं असेल आणि कोणी व्हॉट्सॲपवरून आलेली यादी पेस्ट केली तर `31/01/2026` हे एक्सेलला कळतच नाही, एकतिसावा महिना कुठून आणणार, म्हणून ते टेक्स्ट म्हणून पडून राहतं. हे तरी बरं, निदान सापडतं. खरा धोका `05/04/2026` चा, आपल्यासाठी ही ५ एप्रिल पण अमेरिकन सेटिंगवर ती मुकाट्याने ४ मे होते आणि एररही येत नाही.

आधी बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये हे लावून खाली ओढा:

```
=ISNUMBER(B2)
```

`FALSE` आलं तर ती टेक्स्ट आहे. असा पूर्ण कॉलमच टेक्स्ट असेल तर तो सिलेक्ट करून `Data` मधलं `Text to Columns` घ्या, दोनदा `Next`, मग `Date` निवडून त्यात `DMY`, आणि `Finish`. गूगल शीट्समध्ये `File` मधल्या `Settings` मध्ये जाऊन `Locale` ला `India` करा, आणि हे डेटा पेस्ट करायच्या आधी करा.

दुसरं, पूर्ण कॉलमला `dd-mmm-yyyy` फॉरमॅट द्या, म्हणजे महिना अक्षरात दिसेल आणि ५ एप्रिलची ४ मे झालेली असेल तर डोळ्याला लगेच खटकेल.

सावधान: काही तारखा टेक्स्ट आणि काही उलट्या वाचलेल्या, अशी खिचडी झाली असेल तर दुरुस्त करत बसू नका. `Text to Columns` टेक्स्टवाल्या सुधारेल पण आधीच चुकून तारीख झालेल्यांवर त्याचा भरवसा नाही. मूळ यादी परत आणा, कॉलम आधी `Text` फॉरमॅटचा करा, मग पेस्ट करा आणि मग एकदाच `DMY` ने बदला.

## टप्पा ३: शीटची मांडणी

एक पार्टी एक ओळ, आणि महिने आडवे. `A` मध्ये पार्टी, `B` मध्ये सुरुवात तारीख, `C` मध्ये नियम. `D1` पासून `O1` पर्यंत 0, 1, 2 असं करत 11 पर्यंत आकडे लिहा. हे महिन्यांचे नंबर आहेत, सुरुवातीच्या तारखेपासून किती महिने पुढे ते.

0 म्हणजे ज्या महिन्यात मशीन बसलं त्याच महिन्याची अखेर. पहिलं बिल त्याच महिन्यात घ्यायचं नसेल तर आकडे 1 पासून सुरू करा, फॉर्म्युल्यात हात घालू नका. चौथ्या पार्टीचं मशीन २८ फेब्रुवारीला बसलंय आणि 0 ठेवलात तर तिला बिल मिळेल त्याच दिवशी पैसे भरायचे, हे कोणाला पटेल का ते बघा.

लोक महिन्यांच्या नंबराऐवजी हेडिंगला "जाने", "फेब्रु" असं टाइप करतात, आणि मग प्रत्येक कॉलममध्ये आधीच्या कॉलमपासून तारीख काढतात. इथेच पुढची चूक शिरते.

## टप्पा ४: फॉर्म्युला, आणि तो कशावरून मोजायचा

आधी काय करायचं नाही ते.

`=B2+30` करायचं नाही. ३१ जानेवारी २०२६ मध्ये ३० मिळवले की थेट २ मार्च येते, फेब्रुवारीचं बिलच गेलं. `=DATE(YEAR(B2),MONTH(B2)+1,DAY(B2))` पण नको, कारण ते ३१ फेब्रुवारी मागतं आणि एक्सेल जादाचे तीन दिवस पुढे सरकवून ३ मार्च देतं.

`EDATE` या बाबतीत शहाणं आहे, पुढच्या महिन्यात ती तारीख नसेल तर ते त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसावर थांबतं, ३१ जानेवारीवरून २८ फेब्रुवारी. पण त्याला आठवण नाही. त्याला फक्त समोरच्या सेलमधली तारीख दिसते, आणि २८ फेब्रुवारी ही मुळात ३१ होती हे त्याला कोण सांगणार. म्हणून `D2` मध्ये तारीख, `E2` मध्ये `=EDATE(D2,1)`, मग ते उजवीकडे ओढलं, की पहिल्या पार्टीच्या तारखा अशा येतात: ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, २८ मार्च, २८ एप्रिल, २८ मे. एकदा घसरलं की वर येत नाही.

यावर उपाय म्हणून लोक प्रत्येक वेळी मूळ तारखेपासून मोजतात, `=EDATE($B2,E$1)`, आणि हे योग्यच आहे. पहिल्या पार्टीला आता ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे असं अगदी बरोबर येतं आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. पण हे बरोबर आलं कारण सुरुवात ३१ ला होती. दुसरी पार्टी घ्या, ३० एप्रिल, त्याच फॉर्म्युल्याने ३० एप्रिल, ३० मे, ३० जून, ३० जुलै, ३० ऑगस्ट. मे, जुलै, ऑगस्ट तिन्हीकडे एक दिवस कमी. चौथ्या पार्टीचं तर विचारूच नका, दर महिन्याला २८. म्हणून शीट टेस्ट करताना ३१ जानेवारी टाकून खूश होऊ नका, ३० एप्रिल आणि २८ फेब्रुवारी टाकून बघा.

महिनाअखेरच पाहिजे असेल तर `EOMONTH`. त्याला दिवसाशी काही देणंघेणं नाही, फक्त महिना बघतं आणि सांगितलेले महिने पुढे जाऊन तिथला शेवटचा दिवस देतं. १५ जानेवारी द्या किंवा ३१ जानेवारी द्या, `EOMONTH(B2,1)` दोन्हीला २८ फेब्रुवारीच. लीप वर्षाचा हिशोब पण तेच करतं, २०२८ च्या फेब्रुवारीला आपोआप २९ येईल.

तर `D2` मध्ये हा फॉर्म्युला टाका, उजवीकडे `O` पर्यंत आणि मग खाली ओढा:

```
=IF($B2="","",IF($C2="EOM",EOMONTH($B2,D$1),EDATE($B2,D$1)))
```

डॉलरच्या खुणा जशा आहेत तशाच ठेवा. `$B2` मध्ये कॉलम बांधलाय आणि ओळ मोकळी आहे, `D$1` मध्ये उलटं. इथे `$B$2` झालं की सगळ्या पार्ट्यांना पहिल्या पार्टीच्या तारखा लागतात, आणि महिनाअखेरवाल्यांत ते वरवर बघून कळतसुद्धा नाही कारण ३१ मार्च सगळ्यांचाच ३१ मार्च.

सुरुवातीचं `IF($B2="",""` हे रिकाम्या ओळींसाठी. ते नसेल तर एक्सेल रिकाम्या सेलला शून्य समजून १९०० सालची भलतीच तारीख दाखवतं.

उत्तर 46081 असं आकड्यात दिसलं तर घाबरू नका, ती २८ फेब्रुवारी २०२६ च आहे, सेलला तारखेचं फॉरमॅट द्या. लोक हा आकडा बघून फॉर्म्युला चुकला समजतात आणि खोडून हाताने तारीख टाइप करतात, मग त्या एका सेलमुळे पुढे काय काय होतं ते शोधत बसावं लागतं.

चेक: महिनाअखेर ओळखायची सोपी खूण म्हणजे दुसऱ्या दिवशी १ तारीख असते. `P2` मध्ये हे लावा:

```
=IF(AND($B2<>"",$C2="EOM"),SUMPRODUCT(--(DAY(D2:O2+1)<>1)),"")
```

शून्य आलं पाहिजे. ३ आलं तर त्या ओळीत तीन तारखा महिनाअखेरीच्या नाहीत, म्हणजे कोणीतरी वरून हाताने काहीतरी टाइप केलंय. `#VALUE!` आलं तर एखाद्या सेलमध्ये तारखेऐवजी टेक्स्ट आहे, टप्पा २ ला परत जा.

तिमाही बिल असेल तर वरचे आकडे 0, 3, 6, 9 असे तीन-तीनने वाढवत `O1` पर्यंत न्या, बाकी काही बदलायचं नाही.

## टप्पा ५: बिल उशिरा निघालं तर कुठली महिनाअखेर

वरचं सगळं ठरावीक भाड्याचं झालं. पण मध्येच टोनरचं किंवा रिपेअरचं बिल निघतं, त्याचीही ड्यू डेट महिनाअखेर हवी असते. ही बिलं वेगळ्या शीटमध्ये घ्या, तिथे `B` मध्ये बिलाची तारीख. आता २९ मार्चला बिल काढलं आणि `=EOMONTH(B2,0)` लावलं तर पार्टीच्या हातात दोन दिवस. म्हणून काही जण "२५ नंतरचं बिल पुढच्या महिन्यात" असं डोक्यात ठेवतात आणि हाताने बदलतात.

हाताने नको. पार्टीला कमीत कमी किती दिवस द्यायचे ते ठरवा, ते आधी मिळवा आणि मग महिनाअखेर काढा. १५ दिवस द्यायचे असतील तर:

```
=EOMONTH(B2+15,0)
```

१६ मार्च २०२६ चं बिल, १५ दिवसांनी ३१ मार्च, ड्यू डेट ३१ मार्च. १७ मार्चचं बिल, १५ दिवसांनी १ एप्रिल, म्हणून ड्यू डेट ३० एप्रिल. एका दिवसाच्या फरकाने महिनाभर पुढे जातं हे शेठना आधीच दाखवून ठेवा, नाहीतर नंतर ते शीटलाच शिव्या घालतील.

सावधान: `=EOMONTH(B2,0)+15` हे वेगळं आहे. त्यात आधी महिनाअखेर येते आणि मग १५ दिवस मिळतात, म्हणजे ड्यू डेट पुढच्या महिन्याच्या १५ ला. कंस कुठे बंद होतो तेवढ्यावर सगळं अवलंबून आहे.

## टप्पा ६: महिनाअखेर रविवारी आली तर

३१ मे २०२६ ला रविवार आहे. पैसे त्याच दिवशी खात्यात दिसणार नसतील तर काही ऑफिसं आधीचा कामाचा दिवस धरतात. यासाठी नवीन कॉलम करा, ड्यू डेटच्या सेलमध्येच बदल करू नका. मे च्या उदाहरणात ड्यू डेट `H2` मध्ये असेल तर:

```
=WORKDAY.INTL(H2+1,-1,11,$T$2:$T$20)
```

इथे `11` म्हणजे फक्त रविवार सुट्टी, आणि `T2` ते `T20` मध्ये तुमच्या सुट्ट्यांच्या तारखा. एक दिवस पुढे जाऊन एक कामाचा दिवस मागे यायचं, म्हणजे महिनाअखेर कामाची असेल तर तीच राहते, नाहीतर आधीची मिळते. ३१ मे साठी ३० मे येईल. तो शनिवार आहे पण पाचवा, आणि आपल्याकडे बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, त्यामुळे चालेल.

चौथा शनिवार २२ ते २८ तारखांमध्येच पडतो, म्हणून महिनाअखेर आणि चौथा शनिवार एकत्र येणं फक्त २८ फेब्रुवारीलाच शक्य आहे. आणि २८ फेब्रुवारी २०२६ नेमकी तशीच आहे. तेवढी तारीख सुट्ट्यांच्या यादीत घाला, फॉर्म्युला मग शुक्रवार २७ देईल.

सावधान: सरकवलेल्या तारखेवरून पुढची ड्यू डेट कधीही काढू नका. समजा तुमच्याकडे मागे न येता पुढे ढकलायची पद्धत आहे, म्हणजे ३१ मे ऐवजी १ जून. आता या १ जूनवर `EOMONTH(…,1)` लावलं की ३१ जुलै येते आणि जूनचं बिल वाऱ्यावर. `EOMONTH` एरवी आधीच्या ड्यू डेटवरून मोजलं तरी घसरत नाही, पण या एका ठिकाणी तेही फसतं. मूळ तारीख `B` मध्ये आहे, मोजायचं तिथूनच.

## टप्पा ७: पैसे वेळेत आले का हे तपासताना

तारखा बरोबर आल्या तरी शेवटच्या दिवशी पैसे भरणाऱ्यांवर इथे अन्याय होतो. बँकेच्या किंवा यूपीआयच्या स्टेटमेंटमध्ये तारखेबरोबर वेळ पण येते. `EOMONTH` देतं ती तारीख मात्र त्या दिवसाच्या सुरुवातीची, रात्री १२ ची. ३१ मार्चची ड्यू डेट म्हणजे 46112, आणि ३१ मार्चला संध्याकाळी सहाला आलेले पैसे म्हणजे 46112.75. एक्सेलच्या दृष्टीने दुसरा आकडा मोठा, म्हणजे लेट! सेलचं फॉरमॅट फक्त तारखेचं असेल तर दोन्हीकडे ३१ मार्चच दिसतं आणि माणूस वेडा होतो.

पेमेंटची तारीख `R` मध्ये आणि मार्चची ड्यू डेट `F` मध्ये असेल तर उशिराचे दिवस असे काढा:

```
=IF(R2="","",MAX(0,INT(R2)-F2))
```

`INT` वेळ कापून टाकतं. चेक: ३१ मार्चला संध्याकाळी पैसे आलेली एखादी एंट्री शोधा, तिच्यापुढे 0 आलं पाहिजे.

## टप्पा ८: पाठवलेली बिलं गोठवा

फॉर्म्युला जिवंत असतो, म्हणजे उद्या कोणी `B` मधली सुरुवात तारीख बदलली तर जानेवारीत पाठवलेल्या बिलाची ड्यू डेट पण शीटमध्ये बदलते, आणि पार्टीकडच्या कागदावर जुनीच राहते. बिल पाठवलं की त्या बिलाच्या ड्यू डेटचा सेल कॉपी करून तिथेच `Paste Special` मधून `Values` करा आणि सेलला रंग द्या. मशीन बदललं, ॲग्रीमेंट नवीन झालं, तर जुन्या ओळीत तारीख फिरवण्यापेक्षा खाली नवीन ओळ घ्या.

पुढचं वर्ष सुरू झालं की लोक सुरुवात तारीख बदलून शेवटच्या ड्यू डेटची करतात आणि परत 0 ते 11 चालवतात. असं केलं की 0 च्या कॉलमला गेल्या वर्षीचं शेवटचं बिल परत येतं. `SAME` वाल्यांत तर अजून वाईट, कारण ३१ ला सुरू झालेल्या पार्टीचं शेवटचं बिल ३० तारखेवर संपलं असेल तर पुढचं सगळं वर्ष ३० वर जाईल. `B` तशीच ठेवा, नवीन शीटमध्ये तोच फॉर्म्युला परत लावा आणि तिथे वरच्या ओळीत 12 ते 23 लिहा.